जुडी, डहाळी, मूठ: कोथिंबीर, कढीपत्ता आणि पालेभाज्यांचे ग्रॅम कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाककृती ग्रॅममध्ये लिहायला लागल्यापासून पिठाबद्दल किंवा साखरेबद्दल कुणी फारसं विचारत नाही. प्रश्न येतात ते पाल्याबद्दल. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. एक जुडी कोथिंबीर म्हणजे किती ग्रॅम? एकच आकडा सांगा ना.

एकच आकडा दिला तर तो बहुतेकांच्या स्वयंपाकघरात चुकेल. जुडी हे बांधणाऱ्याच्या हाताचं माप आहे. त्यात कोवळी रोपं बांधलीत की जून, मुळं ठेवलीत की छाटलीत, माती किती आणि वरून मारलेलं पाणी किती, यावर वजन ठरतं. १०० ग्रॅमची जुडी मिळते, तशी ३०० ग्रॅमचीही मिळते.

अगदीच आकडा हवा असेल, तर मध्यम जुडीतून निवडून झाल्यावर साधारण १०० ग्रॅम कोथिंबीर हाती येते असं धरा. पण हा नाइलाजाचा आकडा आहे. घरात काटा असेल तर पुढच्या उत्तरातली पद्धत वापरा. एकदा केली की तुम्ही नेहमी घेता त्या जुडीचा अंदाज तुमचा तुम्हाला येतो.

२. जुडीचं वजन आणि निवडलेल्या कोथिंबिरीचं वजन यांचा मेळ कसा घालायचा?

इथे दोन वेगळी वजनं आहेत. एक आणलेलं, दुसरं पातेल्यात पडणारं. पाककृतीला दुसरं हवं असतं, पिशवीत पहिलं असतं. दोन्हींना जोडणारा आकडा म्हणजे १०० ग्रॅम आणल्यावर किती ग्रॅम वापरायला उरते. आपण त्याला उतारा म्हणू.

एक उदाहरण घेऊ. समजा दोरा सोडून, पाणी झटकून जुडी काट्यावर ठेवली आणि २४० ग्रॅम भरली. मुळं छाटून बाजूला ठेवली, ती मातीसकट ३८ ग्रॅम. राहिले २०२. पिवळी आणि सडकी पानं काढली, ती १४ ग्रॅम. राहिले १८८. आता बोटांनी वाकवून पाहिल्यावर न मोडणारे, दोरीसारखे जाड देठ खुडले, ते ४६ ग्रॅम. पानं आणि कोवळ्या काड्या उरल्या १४२ ग्रॅम. १४२ भागिले २४० म्हणजे ०.५९. ही जुडी शंभराला साठ उतरली.

आता पाककृतीत ९० ग्रॅम निवडलेली कोथिंबीर सांगितली असेल, तर ९० भागिले ०.६ म्हणजे १५० ग्रॅम न निवडलेली घ्यायची. या जुडीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग झाला. बाकीची तशीच ठेवता येते, सगळी जुडी निवडत बसायची गरज नाही.

टाकलेला भाग वेगळा तोलण्याचा एक फायदा आहे. मुळं, पिवळी पानं आणि देठ यांची बेरीज उरलेल्या कोथिंबिरीत मिळवली की सुरुवातीचं वजन यायला हवं. आमच्या उदाहरणात ३८, १४, ४६ आणि १४२ मिळून २४० होतात. बेरीज पाच-सात ग्रॅमनी कमी आली तर माती आणि पाणी ओट्यावर सांडलं आहे. तीस ग्रॅमनी कमी आली तर काहीतरी तोलायचं राहून गेलं आहे.

३. देठ मोजायचे की नाही?

पदार्थात जे जाणार आहे ते मोजायचं. वाटायचं असेल तर कोथिंबिरीचे देठ टाकू नका. त्यांना पानांइतकाच, कित्येकदा जास्तच वास असतो आणि मिक्सरमध्ये ते बारीक होतात. वरच्याच जुडीतले जाड देठ ठेवले, तर १४२ ऐवजी १८८ ग्रॅम वापरायला मिळतात आणि उतारा साठवरून अठ्ठ्याहत्तरावर जातो. म्हणजे ९० ग्रॅमसाठी १५० ऐवजी ११५ ग्रॅम जुडी पुरते. वरून भुरभुरायला मात्र पानं आणि सुईसारख्या बारीक काड्याच घ्या.

म्हणून पाककृती लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. “कोथिंबीर ९० ग्रॅम” एवढंच लिहू नका, “कोवळ्या देठांसकट, निवडून ९० ग्रॅम” असं लिहा. त्या दोन-तीन शब्दांत जवळजवळ पाव जुडीचा फरक आहे.

४. कढीपत्त्याची एक डहाळी किती ग्रॅमची?

कढीपत्त्याच्या एका काडीवर साधारण ११ ते २१ पानं असतात. अशी मध्यम काडी देठासकट दोन ते अडीच ग्रॅमची भरते. पानं ओरबाडून काढली तर दोन ग्रॅमच्या आतबाहेर. सुटं पान ०.१ ग्रॅमच्या थोडं वर असतं, म्हणून आठ-दहा पानांचा एक ग्रॅम होतो.

पडताळून पाहायचं असेल तर एक काडी तोलू नका, दहा तोला. समजा दहा काड्या २४ ग्रॅम भरल्या, पानं काढल्यावर १९ ग्रॅम राहिले आणि पानं मोजली तर १५८ निघाली. मग काडी २.४ ग्रॅमची, तिच्यावरची पानं १.९ ग्रॅमची आणि एक पान ०.१२ ग्रॅमचं. एकच काडी ठेवली असती तर काट्याने २ किंवा ३ दाखवलं असतं आणि त्यावरून काहीच कळलं नसतं.

एक घोळ नेहमी होतो. काही जण झाडाच्या फांदीलाच डहाळी म्हणतात, आणि त्या फांदीला अशा सात-आठ काड्या असतात. फोडणीसाठी “एक डहाळी” लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा एक काडीच अभिप्रेत असते. चटणीसाठी लिहिलेलं असेल तर संशय घ्या. दोन ग्रॅम पानांची चटणी होत नाही.

५. माझा काटा दोन-तीन ग्रॅम दाखवतच नाही. पानं टाकत राहिले तरी शून्यच!

काटा बिघडलेला नाही. स्वयंपाकघरातले बरेच डिजिटल काटे थोडं थोडं वाढणारं वजन हवेचा किंवा तापमानाचा परिणाम समजून आपोआप शून्यात जिरवतात. एकेक पान टाकत गेलात तर काट्याला वाटतं आपलंच शून्य सरकतंय.

यावर उपाय उलटं तोलण्याचा आहे. पूर्ण जुडी किंवा भरलेली वाटी काट्यावर ठेवा, शून्य करण्याचं बटण दाबा आणि हवा तेवढा कढीपत्ता एका दमात उचला. पडद्यावर उणे ६ आलं की तुमच्या हातात सहा ग्रॅम आहेत. कोथिंबीर वरून घालतानाही हेच करते. हाताला सवय झाली की चिमटीतही ग्रॅम कळायला लागतो.

तरीही पाच ग्रॅमच्या आत असेल तर एक ग्रॅमचा काटा विसरा आणि पानं मोजा. “१२ पानं” हे तिथे काट्यापेक्षा अचूक माप आहे.

६. मूठभर म्हणजे किती?

आधी हात कसा धरला आहे ते पाहा. मूठ म्हणजे बोटं मिटलेली. पसा म्हणजे एका हाताचा उघडा खळगा. ओंजळ म्हणजे दोन्ही हात जोडून. पाककृतीत हे तिन्ही एकमेकांच्या जागी सर्रास येतात आणि तिथेच गणित फसतं.

मोठ्या माणसाची मिटलेली मूठ धरली तर चिरलेली कोथिंबीर साधारण १० ग्रॅम मावते. न चिरलेली कोवळी पानं दाबून धरली तर १५ ते २०. खुडलेल्या मेथीचंही तसंच. पालकाची पानं रुंद आणि रसरशीत असल्यामुळे मूठभर पालक २० ते ३० ग्रॅमपर्यंत जातो. शेपू उलट्या टोकाला आहे. त्याच्या बारीक तंतूंमध्ये हवाच जास्त असते, त्यामुळे सैल भरलेला पूर्ण कपसुद्धा जेमतेम ९ ग्रॅमचा असतो.

तुमची मूठ माझ्यापेक्षा लहान-मोठी असणार. म्हणून एकदा पाच मुठी एकाच भांड्यात टाकून तोला आणि पाचाने भागा. तो आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. आयुष्यभर पुरतो.

७. चिरलेल्या कोथिंबिरीचा कप किंवा चमचा ग्रॅममध्ये कसा करायचा?

२४० मिलिलिटरचा कप, कोथिंबीर सैल भरलेली, न दाबता: १६ ग्रॅम. एका कपात १६ टेबलस्पून बसतात, म्हणून एक टेबलस्पून म्हणजे एक ग्रॅम. लक्षात ठेवायला याहून सोपं काही नाही.

पण तोच कप बोटांनी दाबून भरलात तर दुप्पट-तिप्पट कोथिंबीर बसते. बारीक चिरली की जास्त बसते, ओली असली की पानं एकमेकांना चिकटून आणखी बसते. पाककृतीत “दाबून एक कप” लिहिलेलं असेल तर मी ४० ग्रॅम धरते. नुसतं “एक कप” असेल तर पदार्थ पाहते: वरून घालायची असेल तर सैल कप, पदार्थ कोथिंबिरीवरच उभा असेल तर दाबलेला.

८. धुण्याआधी तोलायची की नंतर?

निवडून झाल्यावर आणि धुण्याआधी. जुडीच्या बाबतीत बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाल्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड असतो आणि त्यावर पाण्याचा थर बसून राहतो. १०० ग्रॅम निवडलेली कोथिंबीर धुऊन नुसती झटकली आणि तोलली, तर काटा सहज १२५-१३० दाखवतो. वरचे पंचवीस-तीस ग्रॅम पाणी आहे. तुम्ही “९० ग्रॅम” म्हणून अशी ओली कोथिंबीर घेतलीत, तर खरी कोथिंबीर सत्तरच्या आसपास पडते आणि वर सव्वा-दीड टेबलस्पून पाणी फुकट येतं. मग पीठ सैल पडतं, तुम्ही आणखी पीठ घालता आणि चव आणखी पातळ होते.

मुळांना माती लागलेली असेल आणि तशी निवडवत नसेल, तर आधी मुळं छाटा, धुवा, चाळणीत निथळा, सुती फडक्यावर पसरा. पंख्याखाली अर्ध्या तासात बरंचसं पाणी जातं. ओळखायचं कसं? पानांची मूठ कोरड्या कागदावर दाबा. कागदावर ठिपके उमटले तर अजून पाणी आहे, नुसता दमटपणा जाणवला तर तोलायला हरकत नाही.

विकत घेतानाही हेच. नुकतंच पाणी शिंपडलेली जुडी जड लागते. प्रश्न २ मध्ये “पाणी झटकून” म्हटलं ते यासाठीच. न झटकता तोललीत तर उतारा विनाकारण कमी येतो.

९. पालक आणि मेथीला तोच उतारा लावू का?

नाही, प्रत्येक भाजीचा वेगळा काढा. पालकाच्या कोवळ्या जुडीत टाकायला फारसं काही नसतं. मुळं आणि जाड देठ गेले तरी शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी हाती राहतात. मेथी लांब काड्यांची असेल आणि तुम्ही फक्त पानं खुडत असाल, तर निम्मी राहिली तरी पुष्कळ. राजगिरा, माठ अशा भाज्यांमध्ये झाड किती वाढलंय यावर सगळं आहे: कोवळा असेल तर देठासकट शिजतो, जून झाला की अर्ध्याहून जास्त टाकावा लागतो.

पद्धत मात्र प्रश्न २ मधलीच. आणि भाजी वापरताना देठ कुठून मोडता ते दर वेळी एकसारखं ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

१०. पाककृतीत नुसतं “पालक, २ जुड्या” आहे. लेखकाची जुडी किती मोठी होती ते कसं ओळखू?

बाकीच्या जिनसा आणि माणसांची संख्या तुमच्या बाजूने साक्ष देतात. भाजी हाच मुख्य पदार्थ असेल तर निवडलेला पालक माणशी १०० ते १२५ ग्रॅम धरा. चार माणसांसाठी दोन जुड्या असतील, तर एकूण ४०० ते ५०० ग्रॅम निवडलेला, म्हणजे एका जुडीतून २०० ते २५० ग्रॅम. उतारा ऐंशी धरला तर लेखकाची जुडी २५० ते ३०० ग्रॅमची असावी.

मग पातेल्याकडे पाहा. सैल भरलेल्या कच्च्या पालकाचा कप ३० ग्रॅमचा असतो आणि शिजवून निथळलेल्याचा १८०. पाककृतीत “शिजून साधारण दोन कप होईल” असं काही लिहिलेलं असेल, तर तुमच्या हिशेबाची लगेच तपासणी होते. दोन कप शिजलेला पालक ३६० ग्रॅम. तो निथळताना पाणीही सोडतो, म्हणजे कच्चा त्याहून जास्तच लागला असणार. ४०० ते ५०० ग्रॅमचा आपला अंदाज त्याला जुळतो.

११. कोमेजलेली जुडी आहे. तेवढेच ग्रॅम घेऊ?

थोडी कमी घ्या. ताज्या पाल्यात बहुतेक वजन पाण्याचंच असतं, पालक आणि कोथिंबीर यांच्यात तर दहातले नऊ भाग. कोमेजताना जातं ते पाणी, पानांचा ऐवज जागेवरच असतो. २०० ग्रॅमची जुडी फ्रीजमध्ये विसरली आणि १५० झाली, तर आताचे ७५ ग्रॅम म्हणजे ताजे १०० ग्रॅम.

किंवा देठांची टोकं छाटून जुडी गार पाण्यात उभी करा. तासाभरात पानं ताठ झाली की गेलेलं पाणी परत आत आलं. मग वरून लागलेलं पाणी पुसा आणि नेहमीसारखी तोला. पिवळी किंवा काळी पडलेली पानं यातून परत येत नाहीत. ती निवडून टाका आणि त्यांचं वजन टाकाऊमध्ये धरा.

१२. सुकलेला कढीपत्ता किंवा सुकी मेथी ताज्याऐवजी किती घालू?

कढीपत्त्यात इतर पाल्याच्या मानाने पाणी कमी असतं, साधारण दोन तृतीयांश. म्हणून १०० ग्रॅम ताजी पानं वाळून पस्तीस-चाळीस ग्रॅम राहतात. मेथी शंभराची पंधराच्या आसपास येते. हे झालं वजनाचं गणित, आणि घरी वाळवून साठवणाऱ्यांना ते उपयोगी आहे: डबा किती मोठा लागेल ते कळतं.

चवीसाठी मात्र या आकड्यांवर जाऊ नका. सुक्या मेथीचा वास टिकतो, उलट गडद होतो, त्यामुळे गणितापेक्षा कमीच घाला. सुक्या कढीपत्त्याचा बराच वास वाळतानाच उडतो. कोथिंबीर वाळवून ताज्याऐवजी वापरण्यात मला अर्थ दिसत नाही. वजन कितीही जुळवलं तरी ज्यासाठी ती घालायची तेच शिल्लक नसतं.

१३. वाटून ठेवलेली कोथिंबीर आहे. ३० ग्रॅम पानांऐवजी किती वाटण घ्यायचं?

वाटताना पानांचं वजन बदलत नाही, त्यात पाणी मिसळतं. १०० ग्रॅम पानांत ३० मिलिलिटर पाणी घातलंत तर १३० ग्रॅम वाटण होतं. ३० ग्रॅम पानांसाठी त्यातलं ३९ ग्रॅम घ्या आणि पाककृतीतलं पाणी नऊ ग्रॅमनी, म्हणजे दोन लहान चमच्यांनी, कमी करा. मिरची, आलं, मीठ घातलं असेल तर तेही त्या बेरजेत धरावं लागतं. म्हणून डब्यावर “१०० पानं + ३० पाणी” असं लिहून ठेवा. महिन्याने आठवत नाही.

१४. आहारतज्ज्ञांनी रोज १०० ग्रॅम पालेभाजी सांगितली आहे. कच्ची की शिजलेली?

हे त्यांनाच विचारा. फरक मोठा आहे. अन्नघटकांच्या तक्त्यांत पालेभाज्यांचे आकडे बहुधा निवडलेल्या, कच्च्या, खाण्याजोग्या भागाचे असतात. त्यामुळे स्पष्ट सांगितलं नसेल तर तोच अर्थ निघण्याची शक्यता जास्त. पण शिजवून निथळलेल्या १०० ग्रॅममध्ये कच्च्या १०० ग्रॅमपेक्षा जास्त पाला असतो. कॅलरी मोजण्याचं ॲप वापरत असाल तर तिथेही कच्च्या आणि शिजलेल्या पालकाच्या वेगळ्या नोंदी असतात. कच्चा तोललात तर कच्चीच नोंद निवडा.

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर याकडे खास लक्ष द्या. हिरव्या पाल्यात क जीवनसत्त्व असतंच, पण इथे संबंध के जीवनसत्त्वाचा आहे. ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. या औषधावर असताना पाला एकदम वाढवणं किंवा एकदम बंद करणं दोन्ही त्रासाचं. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं, आणि ते जुडीच्या भरवशावर राहत नाही. एक जुडी १२० ग्रॅमची निघते, दुसरी ३००ची. अशा घरात पालेभाजी निवडून, कोरडी, काट्यावरच मोजा आणि किती खायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

१५. पन्नास माणसांचा स्वयंपाक आहे. चार माणसांची पाककृती तेवढ्या पटीत वाढवू का?

भाजीसाठीचा पाला सरळ पटीत वाढवा, पण जुड्यांत नाही, ग्रॅममध्ये. चार माणसांना ४५० ग्रॅम निवडलेला पालक लागत असेल, तर पन्नासांना साडेबारा पट, म्हणजे ५ किलो ६२५ ग्रॅम. उतारा ऐंशी धरला तर सुमारे ७ किलो आणायचा. आणल्यावर एक किलो निवडून उतारा खरंच ऐंशी येतोय का पाहा. सत्तर येत असेल तर ८ किलो लागेल, आणि हे निवडायला बसायच्या आधी कळलं तर आणखी एक किलो मागवता येतो.

फोडणीतला कढीपत्ता मी साडेबारा पट करत नाही. चार माणसांना १२ पानं लागत असतील तर पन्नासांना दीडशे होतात, म्हणजे जवळजवळ १८ ग्रॅम. मी १२ ते १५ ग्रॅमवर थांबते. मोठ्या पातेल्यात पदार्थ जास्त वेळ गरम राहतो आणि कढीपत्त्याचा अर्क तेवढा जास्त उतरतो. वरची कोथिंबीर मात्र पूर्ण पटीत घ्या, आणि ती वाढायच्या वेळीच चिरा. किलोभर कोथिंबीर तासभर आधी चिरून ठेवली तर खालचा थर काळा पडतो आणि पाणी सुटतं, मग तुमचे सगळे ग्रॅम ताटाच्या तळाशी साचलेले दिसतात.